युद्ध ब्रिटनचं, नोटा नाशिकच्या : सहा वर्षांत रुपयाचे साडेसहा आणे कसे झाले?

आजीच्या जुन्या पेटीत कधी हात घातला असेल, तर मधोमध भोक असलेला तांबूस पैसा हाताला लागला असेल. त्यावर १९४३ ते १९४७ यांपैकी एखादं साल असतं. लहान मुलं तो दोऱ्यात ओवायची म्हणून घरोघरी तो टिकून राहिला.

ते भोक काही हौसेनं पाडलेलं नव्हतं. त्याच्या आधीचा एक पैसा साधारण पाच ग्रॅम वजनाचा होता. भोकाचा पैसा जेमतेम दोन ग्रॅमचा. युद्धामुळे तांबं महाग आणि दुर्मीळ झालं होतं, आणि त्याच वेळी बाजारात सुट्ट्या पैशांची चणचण होती. त्यामुळे सरकारनं नाण्यातलं धातूच कमी केलं. नाण्यावरचा आकडा तोच, फक्त त्यामागचा माल निम्म्याहून कमी.

कागदी रुपयाचंही त्या काळात हेच झालं. फरक एवढाच की त्याला पडलेलं भोक डोळ्यांना दिसत नव्हतं.

सोशल मीडियावर दर दोन-चार महिन्यांनी एक प्रश्न फिरत असतो. सरकारकडे नोटा छापायची मशीन आहे, तर मग छापून वाटून का टाकत नाही? उत्तर देताना लोक झिम्बाब्वेच्या अब्जावधीच्या नोटेचा फोटो टाकतात, नाहीतर जर्मनीत हातगाडीवरून नोटा नेणाऱ्या माणसाचा. पण त्यासाठी इतकं लांब जायची गरज नाही. १९३९ ते १९४५ या काळात हा प्रयोग भारतातच झाला होता. नोटा छापणारा कारखाना नाशिकमध्ये होता आणि नोटा काढणाऱ्या रिझर्व्ह बँकेचं मुख्यालय मुंबईत.

बिल लंडनच्या नावावर, पैसे मात्र इथले

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि व्हाइसरॉयनं भारतालाही त्यात ओढलं. पुढचा प्रश्न खर्चाचा होता. भारत सरकार आणि ब्रिटिश सरकार यांच्यात एक आर्थिक करार झाला. भारताच्या स्वतःच्या संरक्षणाचा खर्च भारतानं करायचा आणि बाकीच्या युद्धासाठी इथून जे सैन्य आणि जो माल जाईल त्याचा खर्च ब्रिटननं द्यायचा, असं ठरलं.

कागदावर हे रास्तच वाटतं. गोम होती ती पैसे कुठे आणि कशात मिळणार यात.

एक हिशेब करून बघू. समजा, ब्रिटिश फौजेला भारतातून दहा लाख रुपयांची घोंगडी हवी आहेत. तेव्हा एका रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स असा बांधलेला होता. म्हणजे एक पौंड बरोबर १३ रुपये ५ आणे ४ पै. या हिशेबानं दहा लाख रुपयांचे झाले ७५ हजार पौंड.

गिरणीवाला घोंगडी देतो आणि भारत सरकार त्याला दहा लाख रुपये चुकतं करतं. ब्रिटिश सरकार लंडनमध्ये ७५ हजार पौंड जमा करतं. पण हे पौंड मुंबईच्या बाजारात येत नाहीत. त्यांचे ब्रिटिश सरकारचे रोखे होतात आणि ते रिझर्व्ह बँकेच्या नावावर लंडनमध्येच पडून राहतात. म्हणजे ब्रिटन सांगतं की आत्ता वही घ्या, पैसे युद्ध संपल्यावर बघू.

आता भारत सरकारनं गिरणीवाल्याला जे दहा लाख द्यायचे, ते आणायचे कुठून? लंडनचे रोखे तारण म्हणून दाखवून रिझर्व्ह बँक तेवढ्या नव्या नोटा काढते.

व्यवहार पुरा झाल्यावर काय उरलं ते बघा. घोंगडी जहाजात बसून इजिप्तला गेली, पण त्यांच्या बदल्यात आलेले दहा लाख रुपये इथेच राहिले. देशात घोंगडी कमी झाली आणि नोटा वाढल्या. एरवी परदेशी माल विकून पौंड मिळाले की त्या पौंडांनी बाहेरून काहीतरी विकत आणता येतं आणि हिशेब मिटतो. युद्धात बाहेरून माल येणंच जवळपास बंद होतं. त्यामुळे हिशेबाची एकच बाजू चालू राहिली, तीही सहा वर्षं.

ब्रेकचाच झाला अॅक्सिलरेटर

इथे एक शंका येते. रिझर्व्ह बँक मनाला येईल तेवढ्या नोटा काढू शकत होती का? तर नाही. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यात त्यावर लगाम होता. जेवढ्या नोटा काढल्या असतील, त्यांच्या किमान ४० टक्के किमतीचं सोनं किंवा स्टर्लिंग रोखे बँकेकडे असायलाच हवेत, अशी अट होती. स्टर्लिंग म्हणजे ब्रिटनचा पौंड.

कायदा करणाऱ्यांचा हेतू साधा होता. सोनं आणि पौंड सहजासहजी मिळत नाहीत, म्हणून नोटाही बेताच्याच निघतील. त्यांनी गृहीत धरलं होतं की पौंड ही कमावण्याची गोष्ट आहे. पण युद्धात ब्रिटन उधारीवर माल उचलत होतं आणि त्या उधारीची चिठ्ठीच मुळी स्टर्लिंग रोखा होती. जेवढी उधारी जास्त, तेवढं ‘तारण’ जास्त, आणि तेवढ्या नोटा काढायला कायद्यानं मोकळीक. लगाम म्हणून घातलेली अट वेग वाढवायच्या कामी आली, आणि हे सगळं नियमात बसवून झालं.

युद्ध सुरू होताना नोटांमागे साधारण ६० कोटी रुपयांचे स्टर्लिंग रोखे होते. युद्ध संपताना तो आकडा हजार कोटींच्या वर गेला होता. चलनातल्या नोटा या काळात साधारण १८० कोटींवरून ११५० कोटींच्या आसपास पोचल्या. म्हणजे सहा वर्षांत सहापटीहून जास्त.

नाणीही सुटली नाहीत. १९४० मध्ये फ्रान्स पडला तेव्हा लोकांना ब्रिटिशांच्या कागदाचा भरवसा वाटेना आणि चांदीचे रुपये घरात दडवायला सुरुवात झाली. त्याच वर्षी सरकारनं एक रुपयाची नोट पुन्हा आणली आणि रुपयाच्या नाण्यातलं चांदीचं प्रमाण जवळपास ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणलं. लोक मग जुना चांदीचा रुपया ठेवून घ्यायचे आणि नवा खपवायचे. आज फाटकी नोट आधी रिक्षावाल्याला देतात, तसंच.

नोटा सहापट, मग भाव सहापट का नाही?

घाऊक किमतींचा तेव्हाचा निर्देशांक ऑगस्ट १९३९ ला १०० धरून मोजला जायचा. १९४४-४५ मध्ये तो २४४ च्या आसपास होता. म्हणजे जो माल आधी १०० रुपयांना मिळायचा, त्याला आता २४४ रुपये लागत होते. उलट बाजूनं बघितलं तर सोळा आण्यांच्या रुपयाची खरेदीची ताकद साडेसहा आण्यांवर आली होती.

हे प्रचंडच आहे. पण नोटा सहापट आणि भाव अडीचपट, हे गणित जुळत नाही. ‘पैसा दुप्पट झाला की भाव दुप्पट’ असं जे सरळसोट सांगितलं जातं, ते इथेच अडखळतं.

याचं एक कारण म्हणजे नोट नुसती छापल्यानं भाव वाढत नाहीत, ती फिरली तर वाढतात. युद्धात शेतकऱ्यांच्या, ठेकेदारांच्या आणि फौजेत गेलेल्या पोरांच्या घरी रोकड आली, पण घ्यायला वस्तूच नव्हत्या. बऱ्याच नोटा ट्रंकेत, मडक्यात पडून राहिल्या. पडून असलेली नोट भाव चढवत नाही. ती बाहेर आली की चढवते.

दुसरं कारण जरा गमतीचं आहे. १९४३ नंतर सरकारनं कापड, धान्य यांचे भाव बांधून दिले. निर्देशांक बहुतेक या बांधलेल्या भावांवर काढला जायचा. दुकानात त्या भावाला माल नसायचा आणि मागच्या दारानं दुप्पट-तिप्पट भावात मिळायचा. काळ्या बाजारातला तो भाव सरकारी आकड्यात येत नव्हता. त्यामुळे २४४ हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमीच समजायला हवा.

महागाई चलनामुळे आहे की नुसत्या टंचाईमुळे, हे ओळखायचं कसं? टंचाई असेल तर एखाद-दुसरी वस्तू महागते. कांद्याचं पीक गेलं की कांदा चढतो, पुढचा कांदा आला की उतरतो. पण धान्य, कापड, औषधं, सोनं, जागा असं सगळंच एकदम चढायला लागलं आणि चांगल्या हंगामानंतरही उतरलं नाही, तर वस्तू महागलेल्या नसतात, रुपया स्वस्त झालेला असतो. सरकारचा सूर सुरुवातीला साठेबाजांवर खापर फोडण्याचा होता. मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ सी. एन. वकील यांनी १९४३ मध्ये थेट ‘द फॉलिंग रुपी’ नावाचं पुस्तकच काढलं. साठेबाजी होतीच, त्यात वाद नाही. पण उद्या रुपयाला आजच्यापेक्षा कमी माल मिळणार हे दिसत असेल, तर व्यापारी धान्य विकून नोटा कशाला ठेवेल? नोटा वाढल्यामुळे साठेबाजी फायद्याची झाली होती.

नवी नोट आधी कोणाच्या हातात पडते?

सगळ्यांचे पगार आणि सगळ्या वस्तूंचे भाव एकाच दिवशी अडीचपट झाले असते, तर कोणाचंच फारसं बिघडलं नसतं. फक्त आकडे मोठे झाले असते. पण नवा पैसा असा सगळ्यांवर सारखा पडत नाही. तो कुठून तरी आत शिरतो आणि तिथून पसरत जातो.

युद्धात तो शिरला फौजेच्या ठेक्यांमधून. गिरणीमालक, पुरवठादार, बांधकामाचे ठेकेदार यांच्या हातात नव्या नोटा आधी आल्या, तेव्हा बाजारातले भाव अजून जुनेच होते. त्यांनी जुन्या भावानं माल उचलला. मग त्यांच्या कामगारांपर्यंत थोडा पैसा गेला. भाव चढत चढत जेव्हा शाळामास्तर, पेन्शनर, विधवा बाई आणि गावातला शेतमजूर यांच्या दारात आले, तेव्हा त्यांच्या हातात जुनाच रुपया होता.

समजा, एका कारकुनाला १९३९ मध्ये महिना ४० रुपये मिळत होते आणि १९४५ मध्येही ४० च मिळत आहेत. घाऊक भावांच्या हिशेबानं त्याच्या ४० रुपयांत आता जुन्या १६ रुपयांचाच माल येतो. त्याचा पगार कोणी कापलेला नाही, कर वाढवलेला नाही. तरी चोवीस रुपयांचा माल त्याच्या घरातून निघून गेला. तो गेला युद्धावर. कर न लावता कर वसूल करायची ही पद्धत आहे, आणि ती सगळ्यात जास्त वसुली गरिबाकडून करते.

मुंबईच्या गिरणी कामगारांकडे निदान संघटना होती. त्यांनी भांडून महागाई भत्ता मिळवला. आज सरकारी नोकरांचा ‘डीए’ वाढला की बातमी होते, त्या भत्त्याची मुळं याच युद्धकाळात आहेत. शेतमजुराकडे असा काही भत्ता नव्हता.

याचा सगळ्यात भीषण परिणाम बंगालमध्ये दिसला. तिथल्या दुष्काळाची कारणं अनेक होती. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्यानं तिकडचा तांदूळ बंद झाला, ऑक्टोबरमध्ये मिदनापूरला चक्रीवादळ आलं, जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारनं होड्या काढून घेतल्या. हे सगळं नोटांच्या खात्यावर मांडणं चुकीचं होईल. पण अमर्त्य सेन यांनी पुढे जो हिशेब मांडला, त्याचा गाभा भाव आणि मजुरी यांच्यातल्या दरीत आहे. कलकत्त्यात तांदूळ डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये होता. मार्चमध्ये २१, मे महिन्यात ३० आणि ऑगस्ट १९४३ मध्ये ३७. आठ महिन्यांत जवळपास पावणेतीनपट. युद्धाच्या कामावर असलेल्या कलकत्त्यातल्या कामगारांसाठी स्वस्त धान्याची सोय केली होती. खेड्यातल्या मजुराची मजुरी मात्र तांदळाच्या आसपासही पोचली नाही. सरकारी चौकशी आयोगानं मृत्यूंचा आकडा १५ लाख धरला, सेन यांचा अंदाज ३० लाखांच्या घरात जातो.

पैसा परत शोषून घ्यायची धडपड

१९४३ मध्ये सरकारला जाग आली. मे महिन्यात मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. कंपन्यांच्या युद्धातल्या जादा नफ्यावरची पकड आणखी घट्ट झाली. अल्पबचतीची मोहीम निघाली. आणि एक उपाय खास भारतीय स्वभाव ओळखून केला गेला. ब्रिटन आणि अमेरिकेनं आपलं सोनं भारताच्या बाजारात विकायला काढलं. लोक रोखे घ्यायला तयार नव्हते, पण सोनं म्हटल्यावर ट्रंकेतल्या नोटा बाहेर आल्या आणि सरकारकडे परत गेल्या.

या सगळ्या उपायांचं सूत्र एकच होतं. छापलेला पैसा लोकांच्या हातातून काढून घ्यायचा, नाहीतर निदान त्याला बाजारात धावू द्यायचं नाही. भाववाढीचा वेग त्यानंतर खरंच मंदावला. भाव मात्र जुन्या जागी परत गेले नाहीत. वाढ थांबणं आणि भाव उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज ‘महागाई दर कमी झाला’ अशी बातमी आल्यावर ‘मग तेल स्वस्त का नाही झालं?’ असं विचारलं जातं, ते याच गोंधळातून.

ऑगस्ट १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेला पहिला भारतीय गव्हर्नर मिळाला. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख. त्यांच्यासमोर दुसरंच संकट होतं. लंडनमध्ये साठलेली उधारी युद्ध संपेपर्यंत हजारो कोटींच्या भाषेत बोलण्याइतकी मोठी झाली होती, १७०० कोटी रुपयांच्या वर. ब्रिटनमध्ये ती कमी करून घ्यावी अशी कुजबुज सुरू झाली होती. १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत भारताच्या शिष्टमंडळानं हा विषय लावून धरला. देशमुख त्या शिष्टमंडळात होते.

उधारी बुडाली नाही, पुढच्या वर्षांत हप्त्याहप्त्यानं मिळाली. पण सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटननं पौंडाचं अवमूल्यन केलं. ४.०३ डॉलरचा पौंड एका रात्रीत २.८० डॉलरवर आला. तोवर जे पौंड मिळायचे बाकी होते, त्यांतून अमेरिकेकडून घेता येणारा माल तीस टक्क्यांनी घटला. रुपया घसरला तेव्हा घोंगडी इथून गेली होती, आणि उरलेली वसुली आली ती घसरलेल्या पौंडात.

आज हे होऊ शकतं का?

आज नोटांमागे सोनं किंवा स्टर्लिंग ठेवायची ती ४० टक्क्यांची अट नाही. पैसाही मुख्यतः कागदी राहिलेला नाही. देशातल्या एकूण पैशात नोटांपेक्षा बँकांमधल्या ठेवींचा वाटा कितीतरी मोठा आहे, आणि बँक कर्ज देते तेव्हा खात्यावर नवी ठेव तयार होते. म्हणजे छापखाना बंद ठेवूनही पैसा वाढू शकतो. म्हणून रिझर्व्ह बँक नोटा मोजत बसण्यापेक्षा व्याजदर वरखाली करते.

स्वातंत्र्यानंतरही बराच काळ सरकारला पैसे कमी पडले की रिझर्व्ह बँकेला अल्पमुदतीची हुंडी द्यायची आणि पैसे घ्यायचे, ही सोय होती. नाव ‘तात्पुरती’, पण त्या हुंड्या वर्षानुवर्षं साठत गेल्या. ती सोय १९९७ मध्ये बंद झाली. २००६ पासून रिझर्व्ह बँकेनं सरकारचे नवे रोखे थेट सरकारकडून घेण्यालाही कायद्यानं मनाई आहे. अगदी अपवादात्मक परिस्थितीसाठी एक फट ठेवलेली आहे, आणि १९३४ च्या कायद्याचं काय झालं हे माहीत असलेल्या कोणाचंही लक्ष आधी त्या फटीकडे जाईल.

रिझर्व्ह बँक दर पंधरवड्याला ‘मनी सप्लाय’ नावाचं पत्रक आपल्या वेबसाइटवर टाकते. त्यात एम३ नावाची ओळ असते. ती म्हणजे लोकांच्या हातातल्या नोटा अधिक बँकांतल्या ठेवी. वर्षभरात ती किती टक्क्यांनी वाढली ते बघायचं आणि शेजारी देशाच्या उत्पादनाची वाढ ठेवायची. पैसा थोडा जास्त वाढणं नेहमीचंच असतं, कारण लोक बँकेत जास्त पैसे ठेवायला लागतात. युद्धाच्या सहा वर्षांत नोटा वर्षाला साधारण ३५ टक्क्यांच्या सरासरीनं वाढत होत्या आणि माल जहाजात भरून बाहेर जात होता.